रेघाच नसलेल्या नोटेशनवरून मध्ययुगातले मठवासी गायचे तरी कसे?

पाणचक्की

मित्राने स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या मठातल्या एका जुन्या पोथीचा फोटो पाठवलाय. दहाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे म्हणे. लॅटिन शब्द सुबक अक्षरांत आणि त्यांच्या डोक्यावर बारीक तिरप्या रेघा, टिंबं, आकड्यासारखी वळणं. मध्येच एखादं चिमुकलं c किंवा t. पाश्चात्त्य संगीताच्या वहीत पाच आडव्या रेघा असतात एवढं मला माहीत आहे. इथे एकही नाही!

ग्रेगोरियन चँट, म्हणजे चर्चमधलं हे लॅटिन गायन, मी ऐकलेलं आहे. सगळे एकाच सुरात, साथीला काही नाही, सुरावटींचा गोफ नाही. ऐकायला साधं वाटतं. पण या रेघोट्यांवरून सा कुठला आणि प कुठला हे गायकाला कळायचं कसं? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे आज जे लोक गातात ते ही पानं वाचून गातात, की अंदाजपंचे?

जाणकारांनी उजेड पाडावा.

खारी_बिस्कीट

सोपं आहे. पोप ग्रेगरीने सहाव्या शतकात ही गाणी रचून लिहवून घेतली, म्हणून ग्रेगोरियन. पुढे ग्विदो नावाच्या इटालियन साधूने डो-रे-मी-फा-सो-ला-टी हे सात स्वर शोधले आणि पाच रेघा काढल्या. त्याआधीचं सगळं कच्चं काम. वाचता येत नसणार, म्हणून तर सुधारणा करावी लागली.

गवतीचहा

चँटिंग सुरू केल्यापासून माझी झोप खूप सुधारली आहे. रोज रात्री ४३२ हर्ट्झवालं लावते. लिंक हवी असल्यास व्यनि करा.

टिंबटिंब

गवतीचहा ताई, धागा झोप उडालेल्या लोकांचा आहे. हे मठवासी पहाटे दोन-तीनला उठून गायचे. :)

मंद्र

मी बाझेलला राहतो आणि इथल्या एका छोट्या गटात चँट गातो, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिणार आहे.

पाणचक्की, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्या रेघोट्यांवरून सूर कळायचाच नाही. तो आधीच पाठ असायचा. त्या पोथीचा गायक लहानपणी मठात आलेला, दहाएक वर्षं रोज ऐकून आणि म्हणून सगळा संग्रह घशात बसवलेला माणूस असे. संत बेनेडिक्टने मठांना घालून दिलेल्या नियमाप्रमाणे आठवड्याला दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून व्हायची, त्यावर वर्षभराच्या सणांची वेगळी गाणी. ती चाल शिकायला त्याला पान नको होतं.

मग पानावर लिहिलंय काय? एका अक्षरावर किती स्वर आहेत आणि ते चढतात की उतरतात, एवढं. एक उभी तिरपी रेघ म्हणजे आजूबाजूच्यापेक्षा वरचा एक स्वर. आडवी छोटी रेघ म्हणजे खालचा एक स्वर. खालून सुरू होऊन वर जाणारं वळण म्हणजे दोन स्वर, खालचा मग वरचा. त्याला पेस म्हणतात. वर जाऊन खाली वाकलेला आकडा म्हणजे क्लिविस, वरचा मग खालचा. ही दोन जोडून खाली-वर-खाली, वर-खाली-वर अशी तीन स्वरांची चिन्हं बनतात. या सगळ्यांना मिळून न्यूम म्हणतात.

आता अडचण बघा. नाताळच्या दिवसाच्या मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, प्रवेशगीत आहे, 'पुएर नातुस एस्त नोबिस'. पहिल्याच अक्षरावर, 'पु'वर, एक पेस आहे. गाताना तिथे थेट पंचमाची उडी आहे, म्हणजे सा म्हणून लगेच प. दुसऱ्या एखाद्या गाण्यात तसाच पेस नुसता सा-रे असतो. रेघ दोन्हीकडे एकच! उडी केवढी ते चिन्ह सांगत नाही. ज्याला गाणं येतं त्याला ते सांगायची गरज नाही, ज्याला येत नाही त्याला त्या पानाचा उपयोग नाही.

खारी_बिस्कीट, ग्रेगरीबद्दल वेगळं लिहितो. आधी चहा.

खारी_बिस्कीट

म्हणजे मी म्हणालो तेच ना, कच्चं काम. ज्याला येतं त्यालाच वाचता येणारी लिपी ही कसली लिपी?

मोडीवाली

आमच्या भजनी मंडळाच्या वहीत अभंगाच्या डोक्यावर फक्त 'चाल: अमकी अमकी' असं लिहिलेलं असतं. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदावरही तसंच छापलेलं असायचं. मूळ चाल ठाऊक नसेल तर पुस्तक बंद करून ठेवा. पण मंडळातल्या कोणालाही आजवर ती वही कच्ची वाटलेली नाही.

मंद्र

मोडीवाली, अगदी. फरक इतकाच की सेंट गॅलनच्या लेखनिकाने चाल सोडून दिली आणि चालीच्या आतलं बारीकसारीक लिहून ठेवलं. खारी_बिस्कीट यांच्या 'कच्च्या' शब्दाला माझा आक्षेप तिथेच आहे.

पाणचक्कींना दिसलेलं चिमुकलं c घ्या. ते 'चेलेरितेर'चं पहिलं अक्षर, म्हणजे इथे भरभर. t म्हणजे धरून ठेवा. क्लिविसच्या माथ्यावर छोटी आडवी रेघ दिली असेल तर ते दोन्ही स्वर ठाशीव, लांब. पेसची दोन रूपं आहेत, एक गोल वळणाचं आणि एक कोपरा काढलेलं. गोल म्हणजे हलका, कोपऱ्याचा म्हणजे वजन देऊन. शिवाय घसरता, कंप असलेला, व्यंजनावर आवाज मिटत जाणारा, अशा स्वरांना निराळी चिन्हं. शब्दाच्या शेवटी म् किंवा न् आला आणि पुढे व्यंजन असलं, की चिन्हाचा शेवट आखडतो. गायकाचं तोंड तिथे मिटणार, हे लेखनिकाच्या कानाला ऐकू येत होतं.

म्हणजे सूर सोडून बाकी जवळजवळ सगळं आहे. आपल्याकडच्या छापील स्वरलिपीत याच्या नेमकं उलट असतं: सूर पक्के, लगाव गायब.

सामगान

हे सगळं आपल्याकडूनच गेलेलं आहे. सामवेदाच्या पोथ्यांत अक्षरांवर आकडे असतात, हाताच्या खुणाही असतात. युरोपात न्यूम हाताच्या खुणांवरूनच आले. साखळी स्पष्ट दिसते.

मंद्र

सामगान, सामवेदाशी सांधा जोडणारा कुठलाच दुवा नाही. मौखिक परंपरा दोन्हीकडे असली की स्मरणाच्या युक्त्या सारख्या निघतात, त्यासाठी प्रवास करावा लागत नाही. हाताच्या खुणांवरून न्यूम आले हे युरोपातच एकोणिसाव्या-विसाव्या शतकात मांडलेलं मत आहे, आणि त्याला विरोधही भरपूर आहे. विरामचिन्हं आणि लॅटिनमधल्या आघातांच्या खुणांवरून ते आले, असं मानणारे बरेच जण आहेत. उभी तिरपी रेघ आणि लॅटिन आघाताची खूण शेजारी ठेवून पाहिली की त्या मताकडे कल जातो. निकाल लागलेला नाही.

सामगान

निकाल लागलेला नाही म्हणजे माझं म्हणणं खोटं ठरलेलं नाही.

टिंबटिंब

सामगानजी, या न्यायाने माझे पणजोबाही सेंट गॅलनला गेले नव्हते हे सिद्ध झालेलं नाही.

मंद्र

आता ग्रेगरी. तो वारला ६०४ मध्ये. त्याच्या नंतरच्या पिढीत सेव्हिलचा बिशप इसिडोर स्वच्छ लिहून ठेवतो की सूर माणसाच्या स्मरणात राहिले नाहीत तर नाहीसे होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. म्हणजे त्या काळी स्वरलेखन वापरात नव्हतं. ग्रीकांची जुनी पद्धत होती, पण ती पश्चिमेत विसरली गेली होती. ग्रेगरीच्या खांद्यावर कबुतर बसलंय, कानात चाली सांगतंय आणि समोर लेखनिक लिहून घेतोय, हे चित्र सेंट गॅलनच्याच हार्टकर नावाच्या मठवाशाच्या पोथीत आहे. ती इसवी सन १००० च्या आसपासची. ग्रेगरीनंतर चारशे वर्षांनी!

खरी गोष्ट राजकारणाची आहे. आठव्या शतकाच्या मध्यात फ्रँक राजा पेपिनने आणि नंतर त्याच्या मुलाने, शार्लमेनने, ठरवलं की आपल्या राज्यात सगळीकडे रोमसारखंच गायचं. रोमचे गायक उत्तरेला आणले, उत्तरेचे शिकायला पाठवले. दोन्हीकडचे लोक एकमेकांना नावं ठेवत होते. रोमवाले म्हणत यांचे गळे राकट, फ्रँक म्हणत हे मुद्दाम चुकीचं शिकवतात. या ओढाताणीतून जे तयार झालं, त्याला सर्वांनी मान द्यावा म्हणून ग्रेगरीचं नाव चिकटलं. लिहून ठेवायची गरजही तिथेच पडली: हजारो मैलांत पसरलेल्या मठांनी एकच गाणं एकाच तऱ्हेने म्हणायचं होतं.

लिहायला सुरुवात नक्की कधी झाली यावर मात्र भांडण आहे. केनेथ लेव्हीसारखे अभ्यासक म्हणतात, शार्लमेनच्याच काळात, इसवी सन ८०० च्या आसपास एक मूळ प्रत असली पाहिजे. लिओ ट्राइटलरचं म्हणणं, की तोवर गायक ठरावीक साच्यांवरून दरवेळी गाणं नव्याने उभं करत आणि लेखन त्यानंतर आलं. पूर्ण ग्रंथ हातात आहेत ते दहाव्या शतकाच्या तोंडावरचे.

कोमल_ऋषभ

साच्यांवरून नव्याने उभं करणं हे आम्हा ख्यालवाल्यांना पटकन पटतं. पण मग शंका येते. दरवेळी नवं उभं होत असेल, तर वेगवेगळ्या मठांतल्या पोथ्यांत एकाच गाण्याच्या एकाच अक्षरावर तेवढेच स्वर कसे?

मंद्र

लेव्हीच्या बाजूचा सगळ्यात दणकट मुद्दा हाच. उत्तर फ्रान्समधल्या लाँ गावची पोथी आणि सेंट गॅलनची पोथी यांची चिन्हं दिसायला वेगळी आहेत, हात वेगळा, सवय वेगळी. पण एखाद्या लांबलचक तानेतही दोन्हीकडे स्वरांचे गट बहुतेक जागी सारखेच पडतात. नुसत्या साच्यावरून इतकं जुळेल का? ट्राइटलरवाले म्हणतात की रोज गाऊन गाऊन साचा दगडासारखा होतो. मी गाणारा माणूस आहे, मला दोन्ही पटतात.

वसईकर_पोरगी

माझे आजोबा चर्चच्या गायकवृंदात होते. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, त्याआधी सगळं लॅटिन. त्यांना लॅटिनचा अर्थ फारसा कळत नव्हता, पण 'कीरिए'पासून शेवटपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. त्यांच्याकडे जे पुस्तक होतं त्यात चार रेघा आणि चौकोनी काळे ठोकळे होते. पाच नाही, चारच. ते डो-रे-मी म्हणून आधी सूर लावायचे, मग शब्द. त्या चार रेघा ग्विदोच्याच का? आणि चारच का?

मंद्र

हो, तुमच्या आजोबांचं पुस्तक त्याच घराण्यातलं. चारच का, तर चँटची बहुतेक गाणी आठ-नऊ स्वरांच्या आत फिरतात. चार रेघा आणि त्यांच्यामधल्या, वरच्या-खालच्या जागा धरल्या की नऊ स्वर बसतात. पुरतं.

पण ग्विदोच्या आधी अर्धी वाट चालून झाली होती. अकराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये लेखनिक चर्मपत्रावर टोकदार सळईने, शाई न लावता, एक रेघ खरवडून घेत आणि तिच्या वर-खाली मोजून टिंबं देत. टिंब रेघेपासून जेवढं दूर, तेवढा सूर दूर. फोटोत ती रेघ दिसतही नाही, पान तिरप्या उजेडात धरलं तर दिसते. नजरेला हे अगदी साधं वाटतं, पण इथे विचारच पालटलाय: पानावरची उंची म्हणजे सुराची उंची.

तरी एक अडचण उरते. एका टिंबावरून दुसऱ्या टिंबावर एक पायरी चढलो, हे दिसलं. पण ती पायरी पूर्ण स्वराची की अर्ध्या? आपल्या शुद्ध सप्तकात ग ते म आणि नी ते सां या दोन पायऱ्या अर्ध्या असतात, बाकीच्या पूर्ण. त्या पानावर कुठे आहेत ते कळलं नाही तर सगळी चाल बिघडते.

ग्विदोने काय केलं? दोन रेघांना रंग दिले. एक लाल, एक पिवळी. लाल रेघेवर तुमचा म, पिवळीवर वरचा सा. दोन्हींच्या लगेच खाली अर्धी पायरी. बस. पान समोर आलं की मुलगा आधी लाल आणि पिवळी रेघ शोधणार, आणि सांभाळून उतरायच्या जागा त्याला गाण्याआधीच दिसणार. रेघ कोणती ते सांगायला कडेला F किंवा C हे अक्षरही असे. रंग नसला तरी त्याच्यावर भागायचं.

कोमल_ऋषभ

हे भारी आहे. मी आजवर समजत होतो की रेघांचा शोध म्हणजे वर-खाली दाखवण्याचा शोध. इथे तर सगळं अर्ध्या पायऱ्यांभोवती बांधलंय.

खारी_बिस्कीट

आणि डो-रे-मी? ते तरी ग्विदोचं की तेही माझ्याकडून काढून घेणार?

मंद्र

अर्धं ठेवा. :) त्याचे स्वर सहाच: उत, रे, मी, फा, सोल, ला. उतचा डो आणि सातवा सी हे फार पुढचे. सहाच का, तर या सहांत अर्धी पायरी एकच येते आणि तीही बरोब्बर मध्ये, मी आणि फा यांच्यात. मुलाला शिकवायला सोपं: कुठेही अर्धी पायरी आली की तिथे मी-फा म्हण. दुसरी अर्धी पायरी आली की सरकून पुन्हा तिलाच मी-फा म्हण.

ही नावं सेंट जॉनच्या स्तोत्रातून घेतली, 'उत क्वेआन्त लाक्सिस'. पेटी असेल तर वाजवून बघा. पहिली ओळ: 'उत' सा, 'क्वे' रे, 'आन्त' म, 'ला'वर रे-ग असे दोन, 'क्सिस' रे. दुसरी ओळ 'रेसोनारे फिब्रिस': रे रे सा रे ग ग. तिसरी ग वरून सुरू होते, 'मीरा'च्या मी ने. चौथी म वरून 'फामुली'. पाचवी प वरून 'सोल्वे'. सहावी ध वरून 'लाबिई'. दरेक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक पायरी वरून उठते. मुलाला अनोळखी गाण्यात एखादा सूर सापडेना, की त्याने मनात स्तोत्राची ती ओळ सुरू करायची. ओळीचा पहिला सूर तोच.

पोप जॉन एकोणिसावा याने ग्विदोला रोमला बोलावून घेतलं होतं. ग्विदो एका मित्राला पत्रात सांगतो, की पोपने पुस्तक चाळलं आणि कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाऊन दाखवल्याशिवाय जागचा उठला नाही. दहा वर्षांचं शिक्षण एका वर्षात, फार तर दोन वर्षांत होतं असाही त्याचा दावा आहे. माणूस थोडा बढाईखोर होता. इतर गायकांबद्दल तर इतकं कडवट लिहितो की आधीच्या मठातून त्याला का निघावं लागलं ते लगेच कळतं.

टिंबटिंब

वाजवलं. सा रे म रेग रे. शेजारच्या काकू विचारतायत कुठल्या मालिकेचं शीर्षकगीत आहे.

आंबोलीचा_पाऊस

गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा, म्हणजे हेच डो-रे-मी, शिकवत, त्यातूनच पुढे मुंबईच्या बँडांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत इतके गोवेकर वादक आले. म्हणजे आपल्या जुन्या सिनेमाच्या गाण्यांत थोडा ग्विदो आहेच. विषयांतराबद्दल माफी.

पाणचक्की

विषयांतर चालू द्या. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच. रेघा नसलेल्या पोथीतलं गाणं आज कुणी गातं तेव्हा त्याला सूर कुठून मिळतात? तो दहा वर्षं मठात बसलेला गायक तर आता नाही.

मंद्र

तेच गाणं रेघांवर लिहिलेल्या नंतरच्या पोथ्यांत सापडतं. मग दोन्ही शेजारी ठेवायच्या. रेघांच्या पोथीत 'पु'वर दोन चढते स्वर, इकडे पेस, जुळलं. पुढे क्लिविस, तिकडे दोन उतरते, जुळलं. असं शेकडो अक्षरांवर जुळत गेलं की खात्री होते, चाल तीच. सूर नंतरच्या पोथीतून घ्यायचे, लगाव आधीच्या पोथीतून.

शिवाय एक नशिबाची पोथी आहे. अकराव्या शतकातली, दिजाँची, आता फ्रान्समधल्या माँपेलिए इथे. १८४७ मध्ये दाँझू नावाच्या संगीतकाराला ती सापडली. तीत रेघा नसलेले न्यूम आहेत आणि त्यांच्याच ओळीला समांतर, प्रत्येक स्वरासाठी a पासून p पर्यंतचं एकेक अक्षर! दोन्ही लिप्या एकाच पानावर.

आजचे गाणारे बहुतेक १९७९ चं 'ग्रादुआले ट्रिप्लेक्स' वापरतात. मधोमध चार रेघांचं चौकोनी लेखन, त्याच्या वर लाँच्या पोथीतले न्यूम काळ्या शाईत, खाली सेंट गॅलनचे लाल शाईत. गाताना डोळे तिन्हींवर ठेवावे लागतात. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठात दोँ कार्दीन यांनी आयुष्य घालवलं ते या खालच्या-वरच्या खुणांचा अर्थ लावण्यात.

श्रुतिधर

माँपेलिएच्या त्या पोथीबद्दल मीही वाचलंय. तिच्यात अक्षरांच्या मध्ये काही वेगळीच चिन्हं आहेत ना, अर्ध्या स्वराहूनही बारीक अंतर दाखवणारी? म्हणजे श्रुतीच की!

मंद्र

चिन्हं आहेत, आणि ती अर्ध्या पायऱ्यांच्या जागीच येतात. बारीक स्वरांतर आहे असं म्हणणारे आहेत, नुसती आवाजाची लकब आहे असं म्हणणारेही आहेत. वाद चालू आहे. एवढं मात्र खरं, की चार रेघांवर ती चिन्हं ठेवायला जागाच नाही. असलीच काही श्रुती, तर ती रेघांनी गिळली.

आणि लगावाचंही तेच झालं. तेराव्या शतकातली चौकोनी पानं बघा: प्रत्येक स्वर स्वच्छ, कुठलाही मुलगा वाचेल. c नाही, t नाही, गोल पेस आणि कोपऱ्याचा पेस एकच झालेला.

कोमल_ऋषभ

ताल? म्हणजे ताल नाही हे कळलं, पण लय? c म्हणजे भरभर, पण किती भरभर? दुप्पट?

आज्जीबाईंचा_बटवा

मी चर्चमध्ये ऐकलंय, सगळे सूर सारख्याच लांबीचे असतात. एकसुरी. पाच मिनिटांत डोळे मिटतात.

मंद्र

तुम्ही ऐकलंत ती सोलेमची जुनी पद्धत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोँ मोकेरो यांनी बसवली. सर्व स्वर मुळात समान धरून दोन-तीनांच्या गटांत बांधायचे. गायकवृंदाला शिकवायला सोयीची, म्हणून जगभर पसरली. वसईच्या आजोबांनीही बहुधा तीच ऐकली असेल.

दुसरा पक्ष म्हणतो लांब स्वर आखूडच्या बरोब्बर दुप्पट, मात्रा मोजून. तिसरा कार्दीनच्या शिष्यांचा, ज्यांच्यात मी मोडतो: लॅटिन वाक्य नीट बोललं की जी लय येते तीच, आणि c व t त्या बोलण्याला थोडं पुढे-मागे ढकलतात. कोमल_ऋषभ, 'किती' याचं उत्तर पोथीत नाही. दुप्पटवाल्यांकडे नवव्या-दहाव्या शतकातल्या ग्रंथांतली वाक्यं आहेत, ज्यांत लांब-आखूड मोजून गा असं लिहिलंय, आणि ती मला गैरसोयीची वाटतात हे खरं.

वसईकर_पोरगी

आणि प्रत्यक्ष उभे कसे राहायचे, कोण सुरू करायचं? सगळे पुस्तकात बघून गायचे का?

मंद्र

वृंदाच्या हातात पुस्तक नसेच. सेंट गॅलनची ती पोथी उंच आणि अरुंद आहे, हस्तिदंती आवरणाची, आणि तीत फक्त एकट्या गायकाचे भाग आहेत. म्हणजे ती मुख्य गायकाची. त्याने सूर द्यायचा, आपल्या गळ्याला झेपेल तो; ठरलेली पट्टी नव्हती. अक्षरं इतकी बारीक की अंधाऱ्या चर्चमध्ये चार जणांना एका वेळी दिसणं कठीण. तो बहुधा आधी डोळ्याखालून घालून येत असेल. वीस जणांना लांबून वाचता येतील असे अवाढव्य ग्रंथ शेवटच्या मध्ययुगात आले.

स्तोत्रांना दोन बाजूंना समोरासमोर दोन गट. एका गटाने एक ओळ, दुसऱ्याने पुढची. ओळीच्या मध्यावर सगळ्यांनी एकदम थांबायचं, घुमणारा आवाज विरू द्यायचा, मग उरलेला अर्धा. नवखा गायक ओळखावा तो याच जागी, सगळे थांबलेले असताना याचा आवाज एकटाच पुढे जातो.

श्रुतिधर

रेकॉर्डिंगमध्ये मागे तंबोऱ्यासारखा एकच सूर ऐकू येतो कधी कधी, तो?

मंद्र

बहुतेक वेळा आजच्या गटांची हौस. पोथीत त्याची सूचना नसते.

मोडीवाली

मला एक सांगा, इतक्या लांबलचक ताना शब्दांशिवाय पाठ कशा करत? आमच्या मंडळात शब्द असले तरी तिसरं कडवं विसरतात.

मंद्र

विसरतच. सेंट गॅलनच्याच नोटकरची कबुली आहे. तो तोतरा होता, फार गोड माणूस. सुमारे ८८४ मधल्या त्याच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहितो, की लहानपणी 'अलेलुया'च्या शेवटच्या 'या'वरच्या लांब ताना काही केल्या डोक्यात राहत नसत. मग नॉर्मन लोकांनी उद्ध्वस्त केलेल्या जुमिएज मठातून एक पाद्री आपली पोथी घेऊन आला. तीत त्या तानांना शब्द बसवलेले होते. नोटकरला कल्पना आवडली, शब्द आवडले नाहीत. त्याने स्वतः लिहायला घेतलं. गुरू इसो याने तपासून सांगितलं: तानेतल्या प्रत्येक हालचालीला स्वतंत्र अक्षर दे. त्यातून सिक्वेन्स नावाचा अख्खा काव्यप्रकार फोफावला.

मोडीवाली

म्हणजे पाठांतरासाठीच. छान. मंडळात सांगते.

खारी_बिस्कीट

एवढं ऐकूनही मी म्हणतो, ग्विदोची लिपी श्रेष्ठ. गुरू मेला, मठ जळला, तरी गाणं टिकतं. नोटकरच्या पाद्र्याकडे रेघांची पोथी असती तर कुणाला विचारावं लागलं नसतं.

मंद्र

याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. सेंट गॅलनवाल्यांनी मात्र रेघा घ्यायला फार उशीर केला. शेजारी सगळीकडे रेघा आल्यावरही ते पिढ्यान्‌पिढ्या बिनरेघांचंच लिहीत राहिले. त्यांना गरज वाटली नाही, की मास्तरकी सोडवेना, हे तुम्ही ठरवा.

पाणचक्की

e-codices या जुन्या पोथ्यांच्या साइटवर सेंट गॅलनची ती पोथी, Cod. Sang. 359, उघडून बसलोय. क्लिविस ओळखू येतोय, c सापडला. पण एका c च्या पुढे लांब शेपूट काढून पुढच्या तीन-चार चिन्हांवर ओढलेली आहे. लेखनिकाचा हात घसरला की काय?

मंद्र

घसरला नाही. शेपूट जिथवर, तिथवर सगळं भरभर.